सूची आणि हेडरचं प्रूफ वाचताना पायऱ्यांचा क्रम का चुकवायचा नाही

मी नाशकात प्रूफं वाचते, जास्त करून स्थानिक इतिहासाची, चरित्रांची, थोडीफार शेतीची पुस्तकं. मजकुराचं प्रूफ बहुतेक जण नीट वाचतात, पण शेवटची सूची आणि पानाच्या डोक्यावरची ओळ, म्हणजे रनिंग हेडर, हे दोन्ही "शेवटी एकदा नजर टाकू" यात जातं आणि मग छापून आल्यावर सूचीत ८८ लिहिलंय आणि माणूस ८९ वर सापडतोय असं होतं. चुका व्हायचं मुख्य कारण माझ्या मते नजर कमी पडणं हे नाही, क्रम उलटा असणं हे आहे. लोक आधी पान नंबर तपासतात, मग शीर्षकं दुरुस्त करतात, शीर्षक दोन ओळींचं झालं की मजकूर खाली सरकतो आणि केलेलं सगळं काम पाण्यात.

बरोबर क्रम असा: आधी शीर्षकं, मग हेडर, मग सूचीतल्या नोंदींचं लेखन, मग वर्णानुक्रम, आणि पान नंबर एकदम शेवटी. खाली तेच एकेक करून सांगते, उदाहरणासाठी नाशिक शहरावरचं एक पुस्तक धरूया, डेमी साइज, २५६ पानं म्हणजे सोळा पानी सोळा फॉर्म. सुरुवातीची सोळा पानं एक, दोन, तीन अशी अक्षरात नंबर दिलेली, मग मजकूर १ ते २२४ आणि सूची २२५ ते २४०.

## १. तयारी: हातात काय काय हवं

प्रिंट काढा. स्क्रीनवर सूची तपासणं मला तरी जमत नाही, एका हाताचं बोट सूचीवर आणि दुसऱ्या हाताने पानं उलटायची, हे कागदावरच होतं. प्रिंट दोन पानं समोरासमोर येतील अशी घ्या, कारण हेडर डावं-उजवं जोडीनेच कळतं.

शिवाय ही तीन गोष्टी जवळ ठेवा: अनुक्रमणिकेची वेगळी झेरॉक्स, सूची ज्या प्रूफावरून केली ते जुनं प्रूफ (हे लोक हमखास टाकून देतात, टाकू नका, पाचव्या पायरीत तेच उपयोगी पडतं), आणि एक साधा कोरा कागद ज्यावर तुम्ही या पुस्तकापुरते ठरवलेले नियम लिहाल. नियमाचा कागद नसेल तर सकाळी एक ठरवता आणि जेवणानंतर दुसरंच करता, माझं झालंय असं.

मग लेखकाला आणि डीटीपीवाल्याला विचारा की आता मजकुरात भर पडणार आहे का. "नाही हो ताई, फायनल आहे" असं उत्तर येतं, त्यावर विसंबू नका, पण निदान विचारलेलं असावं.

थांबा: पीडीएफमधला पान नंबर आणि छापील पान नंबर एकच नसतो. आपल्या उदाहरणात छापील पान ४ हे पीडीएफमध्ये २० वर येतं, कारण आधीची सोळा पानं. सूची करणाऱ्याने चुकून पीडीएफचा नंबर टाकला असेल तर सगळ्याच नोंदी सोळाने पुढे दिसतील. असं काही असेल तर पहिल्या पाच नोंदींतच कळतं, म्हणून तेवढं आत्ताच बघून घ्या.

## २. शीर्षकं जुळवा

प्रत्येक प्रकरणाचं नाव पुस्तकात किमान तीन ठिकाणी असतं: अनुक्रमणिकेत, प्रकरणाच्या पहिल्या पानावर आणि हेडरमध्ये. कधी चौथ्या ठिकाणी पण, म्हणजे मजकुरात "पुढे अमुक प्रकरणात येईलच" असं लेखक लिहितो तिथे.

कागदावर तीन रकाने पाडा आणि तिन्ही ठिकाणची नावं हाताने उतरवून घ्या. नुसतं वाचून जुळवू नका, लिहा. डोळा "पंचवटीतील देवळे" आणि "पंचवटीतली देवळं" एकच वाचतो, हात वेगळं लिहितो. हे फरक हमखास सापडतात: काळाराम आणि काळा राम, पांडवलेणी आणि पांडव लेणी, ऱ्हस्व-दीर्घ, शेवटचं प्रश्नचिन्ह एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही.

फरक सापडला की कुठलं बरोबर हे तुम्ही ठरवायचं नाही, लेखकाला विचारायचं. बहुतेक वेळा प्रकरणाच्या पानावरचं नाव नवं असतं आणि अनुक्रमणिकेतलं जुनं, पण उलटंही पाहिलंय.

तपासणी: दुरुस्त केल्यावर कुठलं शीर्षक एका ओळीचं दोन ओळींत गेलं का ते बघा. गेलं असेल तर त्या प्रकरणाच्या शेवटच्या पानावर जा आणि शेवटचा परिच्छेद पुढच्या पानावर ढकलला गेलाय का बघा.

## ३. हेडर: फक्त हेडर बघा

इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे मजकूर वाचता वाचता हेडर बघणं. वाचायला लागलात की डोकं वर जातच नाही. हेडरसाठी एक वेगळी फेरी करा ज्यात मजकुराचं एक अक्षर वाचायचं नाही. आधी फक्त डावी, म्हणजे सम पानं, २ पासून शेवटपर्यंत. मग फक्त उजवी. दोनशे चाळीस पानांना अर्धा तास पण लागत नाही.

आपल्याकडे साधारण डाव्या पानावर पुस्तकाचं नाव आणि उजव्या पानावर प्रकरणाचं नाव असतं. डाव्या बाजूला सगळीकडे एकच ओळ हवी त्यामुळे ती फेरी सोपी, कुठे मध्येच फॉन्ट बदललाय किंवा ओळच गायब आहे एवढंच बघायचं. उजव्या बाजूला मात्र प्रकरण बदलतं तिथे थांबायचं. नव्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर हेडर नसतो, त्याच्या नंतरच्या उजव्या पानावर नवं नाव आलंय का? का मागच्याच प्रकरणाचं चालू आहे?

हे होतं कसं ते माहीत असलं की कुठे शोधायचं ते कळतं. वर्डमध्ये सेक्शन ब्रेकनंतर `Link to Previous` चालू राहिलं तर मागच्या प्रकरणाचा हेडर पुढे वाहत जातो, आणि पुढचा बदलायला गेलात तर मागचाही बदलतो. इनडिझाइनमध्ये हेडर मास्टर पानावर हाताने टाइप केलेला असेल तर प्रकरणाचं नाव बदललं तरी तो जुनाच राहतो. आपल्या उदाहरणात तिसरं प्रकरण आधी "गोदाकाठचे घाट" होतं, लेखकाने ते "गोदाघाट आणि कुंडं" केलं, प्रकरणाच्या पानावर बदललं, अनुक्रमणिकेत बदललं, आणि ४१ पासून ५५ पर्यंतच्या आठ उजव्या पानांवर घाट काही हलले नाहीत. आणि हेडर आपोआप शीर्षकावरून उचलला जात असेल, तर दोन ओळींत तोडलेलं शीर्षक दोन वेगळ्या परिच्छेदांत टाइप केलंय का बघा, तसं असेल तर हेडरमध्ये अर्धंच नाव येतं.

लांब नाव हेडरमध्ये छोटं करायला हरकत नाही, "काळाराम मंदिर प्रवेश सत्याग्रह" चं "काळाराम सत्याग्रह" चालेल, फक्त त्या प्रकरणात सगळीकडे तेच छोटं रूप हवं, आणि ते नियमाच्या कागदावर लिहून ठेवा.

थांबा: तीन जागा सगळेच विसरतात. कोऱ्या पानावर हेडर राहिलाय का. पूर्ण पानभर फोटो आहे तिथे हेडर फोटोवर चढलाय का. आणि सूचीच्या स्वतःच्या पानांवर, २२५ च्या पुढे, शेवटच्या प्रकरणाचं नाव तर नाही ना. तिथे "सूची" हवं.

## ४. सूची: आधी लेखन, मग वर्णानुक्रम

आधी लेखन का, तर नोंदीचं स्पेलिंग बदललं की तिची जागा बदलते. "त्र्यंबकेश्वर" आणि "त्रिंबकेश्वर" अशा दोन नोंदी असतील तर त्या एक करा, पान नंबर एकत्र करा, मग क्रमाकडे वळा. माणसांची नावं आडनावाने: गायकवाड, दादासाहेब. फाळके, दादासाहेब. जॅक्सन, ए. एम. टी. डॉ., श्री., सर हे क्रमासाठी मोजायचं नाही. टोपणनाव जास्त प्रसिद्ध असेल तर नोंद तिथेच ठेवा आणि दुसऱ्या जागी पाठवणी द्या: "शिरवाडकर, वि. वा. पाहा कुसुमाग्रज". मग कुसुमाग्रज या नोंदीवर खरंच पान नंबर आहेत का ते बघा, कारण तिथे "पाहा शिरवाडकर" असं लिहिलेलं पण सापडलंय, वाचक बिचारा दोन पानांमध्ये टोलवाटोलवी खेळत बसतो.

आता क्रम. "सॉफ्टवेअरने लावलंय, चुकणार कसं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. सॉफ्टवेअर कुठल्या नियमाने लावतंय ते प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर असेल तर कॉम्प्युटरला ती मराठी अक्षरं वाटतच नाहीत, तो इंग्रजी कळांच्या क्रमाने लावतो आणि सगळा खिचडा होतो. युनिकोड असेल तर क्रम बराचसा बरोबर येतो, ठरावीक जागी चुकतो.

ळ. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. युनिकोडच्या तक्त्यात तो ल आणि व यांच्यामध्ये बसवलाय. त्यामुळे नुसत्या तक्त्याप्रमाणे लावलेली सूची अशी येते:

कपालेश्वर, कळवण, कसारा, काळाराम, कावनई

आणि बरोबर क्रम असा:

कपालेश्वर, कसारा, कळवण, कावनई, काळाराम

पाच नोंदींत दोन अदलाबदली. नाशिकच्या पुस्तकात ळ ची काय कमी, देवळाली, देवळा, कळवण, काळाराम, फाळके, म्हणून मी सूचीत ळ असलेली प्रत्येक नोंद आधी पेन्सिलने गोल करते आणि तेवढ्याच पहिल्यांदा तपासते.

अनुस्वार. याच्या तीन पद्धती दिसतात. अनुस्वार सगळ्यात आधी (गंगापूर, गणपती, गोंदे, गोदावरी), बाराखडीप्रमाणे औ नंतर (गणपती, गोदावरी, गोंदे, गंगापूर), किंवा अनुस्वाराला त्या वर्गाचं अनुनासिक धरून. मी पहिली वापरते, कारण वाचकाला सापडायला सोपी जाते, पण तुम्ही कुठलीही घ्या, एकच घ्या. गडबड अशी होते की सॉफ्टवेअरने एका पद्धतीने लावलं आणि नंतर हाताने घुसवलेल्या वीस नोंदी दुसऱ्या पद्धतीने गेल्या. म्हणून उशिरा वाढवलेल्या नोंदींची यादी मागून घ्या आणि त्या वेगळ्या बघा.

जोडाक्षरं. जोडाक्षर त्या अक्षराच्या सगळ्या बाराखडीनंतर येतं. तपोवन, तिवंधा, मग त्रिरश्मी, मग त्र्यंबकेश्वर. हाताने केलेल्या सूचीत त्र्यंबकेश्वर त च्या सुरुवातीलाच दिसतं कारण लिहिणाऱ्याच्या डोक्यात "त्र" आधी आला. क्ष आणि ज्ञ चं मात्र ठरवावं लागतं: वर्णमालेप्रमाणे एकदम शेवटी, ळ च्याही नंतर, की क आणि ज च्या पोटात. "ज्ञानपीठ पुरस्कार" शेवटी टाकलात तर "क्ष" ने सुरू होणारंही शेवटीच हवं.

शब्दामधली जागा. राम रथ, रामकुंड, रामसेज. रिकामी जागा मोजली तर हा क्रम. जागा मोजली नाही तर रामकुंड, राम रथ, रामसेज. दोन्ही चालतात, नियमाच्या कागदावर लिहा.

सारखं दिसणारं पण वेगळं टाइप केलेलं. हे सगळ्यात त्रासदायक. "दऱ्या" मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो, एकदा ऱ हे वेगळं अक्षर वापरून आणि एकदा साध्या र नंतर एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. कागदावर दोन्ही सारखेच, पण कॉम्प्युटर त्यांना वेगळ्या जागी ठेवतो आणि सर्चमध्ये एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. "ॲ" चं पण तसंच. एकच नाव सूचीत दोनदा, तेही चार ओळींच्या अंतराने आलं आणि दोन्हीकडे वेगळे पान नंबर असले तर बहुधा हेच कारण. वर्डच्या फाइंडमध्ये हे टाकून बघता येतं:

```
^u8205
^u2353
```

पहिलं ते न दिसणारं जोडचिन्ह शोधतं, दुसरं ऱ. दोन्हींची उत्तरं आली तर मजकुरात दोन पद्धती मिसळल्यात, डीटीपीवाल्याला एकच करायला सांगा आणि क्रम पुन्हा लावून घ्या.

तपासणी: क्रम तपासताना सलग वाचू नका. प्रत्येक नोंदीची फक्त वरच्या नोंदीशी तुलना करा, "ही याच्या खालीच का?" एवढंच विचारत. आणि रकाना किंवा पान बदलतं तिथे मागच्या रकान्याची शेवटची नोंद मुद्दाम बघा, तिथली चूक सगळ्यात जास्त निसटते.

## ५. पान नंबर: पानं गोठल्यावरच

आता कुठे पान नंबर. आधी सूचीकडेच बघा, पुस्तक न उघडता. नंबर चढत्या क्रमाने आहेत का? २२४ पेक्षा मोठा नंबर कुठे आहे का? "११८-११२" अशी उलटी जोडी? एकाच सूचीत कुठे ११२-११८ आणि कुठे ११२-१८? १ आणि ९ ची अदलाबदल बारीक टाइपात फार होते, ६१ च्या जागी ६९. एवढ्यानेच निम्म्या चुका बाहेर येतात.

मग प्रत्यक्ष पानं. सगळ्या नोंदी तपासायला वेळ नसेल तर लोक सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या थोड्या नोंदी बघतात आणि बरोबर निघाल्या की सोडून देतात. हे का पुरत नाही ते सांगते, कारण मी स्वतः यात फसले आहे.

पाचवं प्रकरण काळाराम मंदिर सत्याग्रहाचं, २ मार्च १९३० पासूनची हकिकत, सूचीतल्या सगळ्यात जास्त नोंदी याच प्रकरणातल्या. दुसऱ्या प्रूफात ते ७३ ते ९५ होतं, ९६ कोरं, आणि सहावं प्रकरण ९७ वर, कारण प्रत्येक प्रकरण उजव्या पानावर सुरू करायचं ठरलेलं. सूची या प्रूफावरून झाली. मग लेखकाला एक जुनं पत्र मिळालं, ते ८६ नंतर एक पानभर घातलं. जुनी ८७ ते ९५ ही नऊ पानं ८८ ते ९६ झाली, कोरं पान भरलं गेलं, आणि सहावं प्रकरण होतं तिथेच, ९७ वर. म्हणजे पुस्तकात पुढे काहीच हललं नाही. सुरुवात तपासा, बरोबर. १५० तपासा, बरोबर. २१० तपासा, बरोबर. फक्त ती नऊ पानं चुकलेली आणि अनुक्रमणिका पण एकदम शुद्ध, कारण प्रकरणांची सुरुवात बदललीच नाही.

सूचीत काय झालं बघा:

आधी: गायकवाड, दादासाहेब ७४, ८१-८४, ८८, ९२-९५
हवं होतं: गायकवाड, दादासाहेब ७४, ८१-८४, ८९, ९३-९६

आणि "सत्याग्रह, दुसरा टप्पा ८५-९०" ही नोंद ८५-९१ व्हायला हवी, सुरुवात बरोबर शेवट चूक. अशा जोडीचा पहिला नंबर बघून पुढे जाणाऱ्याला ती कधीच सापडत नाही.

म्हणून नमुना घ्यायचाच तर प्रकरणाप्रमाणे घ्या: प्रत्येक प्रकरणातली एक नोंद सुरुवातीची, एक शेवटच्या दोन पानांतली. त्याआधी जुनं आणि नवं प्रूफ शेजारी ठेवून प्रत्येक प्रकरणाचं शेवटचं पान जुळवा. सुरुवात नाही, शेवट. कोरं पान नाहीसं झालं असेल किंवा नवीन आलं असेल तर त्या प्रकरणात काहीतरी घुसलंय किंवा निघालंय. कुठे, ते शोधायला प्रकरणाच्या मधोमध एक पान घ्या, दोन्ही प्रूफांत पहिली ओळ तीच आहे का? आहे तर घोळ पुढच्या अर्ध्यात, नाही तर मागच्या. मग त्या अर्ध्याचं पुन्हा मधलं पान. तेवीस पानांच्या प्रकरणात चार-पाच वेळा पानं उलटली की नेमकी जागा मिळते. मग त्या जागेपासून प्रकरणाच्या शेवटापर्यंतच्या नोंदी एकेक करून दुरुस्त करायच्या, सरसकट सगळ्या सूचीत एक मिळवायचा नाही.

थांबा: दुरुस्ती करताना "८७ च्या पुढे सगळ्यांना अधिक एक" अशी फाइंड-रिप्लेस करू नका. ८८ चं ८९ केलं, मग ८९ चं ९० करताना आत्ताच केलेलं ८९ पण ९० होतं. करायचंच तर शेवटून, ९५ पासून मागे या. आणि तेव्हाही १९५ मधलं ९५ बदलणार नाही ना, ते बघा. मी हातानेच करते.

पीडीएफमध्ये नाव शोधून पान तपासायचा मोह होतो, पण देवनागरी पीडीएफमधला सर्च भरवशाचा नाही, जोडाक्षरं आतमध्ये तुटलेली असतात. सापडलं तर चांगलं, नाही सापडलं म्हणजे नाव त्या पानावर नाही असं समजू नका.

## ६. उलटी तपासणी

इथपर्यंत आपण सूचीकडून पानाकडे गेलो. त्याने चुकीचे नंबर कळतात, राहून गेलेले कळत नाहीत. म्हणून प्रत्येक प्रकरणातलं एक पान कुठलंही उघडा, त्यावरची माणसं, जागा, घटना अधोरेखित करा आणि सूचीत शोधा. फोटोखालच्या ओळी आणि तळटीपा पण धरा, सूची करणारे त्या हमखास सोडतात. बारा प्रकरणांच्या बारा पानांत एखाददुसरं नाव राहिलेलं असेल तर भर घाला आणि पुढे जा. प्रत्येक पानावर तीन-चार राहिलेली निघाली तर सूची परत करायला पाठवा, प्रूफ वाचून ती बरी होत नाही.

नवी नोंद घातली की ती चौथ्या पायरीच्या नियमाप्रमाणे जागेवर बसलीय का बघा, आणि तिच्यामुळे सूची २४० च्या पुढे एका पानावर गेली का तेही. गेली तर सतरावा फॉर्म लागतो आणि मग प्रकाशकाचा फोन येतो, तेव्हा पाठवणीच्या एक-दोन नोंदी कमी करून किंवा टाइप अर्ध्या पॉइंटाने लहान करून ती २४० मध्येच बसवायची.

छपाईला जायच्या आधीच्या प्रूफावर मी फक्त दोन गोष्टी परत बघते: प्रत्येक प्रकरणाचं शेवटचं पान कुठे संपतंय, आणि २२५ च्या पुढच्या पानांच्या डोक्यावर "सूची" आहे का.